अ‍ॅपची दीर्घ स्मृती: जुनी तक्रार वर येते, दुरुस्ती मागे राहते

वळणवाट

पळण्याच्या सरावाचा आराखडा देणारं अ‍ॅप आहे. वापरणारा चॅटमध्ये बोलतो आणि भाषा-मॉडेल त्याला आठवड्याचा सराव आखून देतं. प्रत्येक सेशन संपलं की मॉडेलकडून चार-पाच वाक्यांचा सारांश करून घेतो, `multilingual-e5-base` ने त्याचं एम्बेडिंग काढतो आणि पोस्टग्रेसमध्ये `pgvector` च्या कॉलमात ठेवतो. नवा प्रश्न आला की त्याला सर्वांत जवळचे पाच सारांश काढून प्रॉम्प्टमध्ये घालतो. ०.७५ च्या खालचे गाळतो.

चाचणीच्या एका खात्यात असं झालं. मार्चमध्ये चार सेशनांत उजव्या गुडघ्याचं दुखणं, उतार टाळणं, चढणीवर चालत जाणं हेच विषय आहेत. २० मे रोजी वापरणारा सांगतो की फिजिओथेरपिस्टने पूर्ण मोकळीक दिली आहे, आता उतारावरही पळतो. ऑगस्टमध्ये तो विचारतो, "या आठवड्यात उताराचा सराव टाकू का?" अ‍ॅप म्हणतं, गुडघा दुखतोय तर टाळा.

लॉग पाहिला. वरचे पाच गुण ०.८७, ०.८६, ०.८६, ०.८५, ०.८४. चार मार्चमधले, एक एप्रिलमधला. मे महिन्याचा सारांश ०.८२ घेऊन सातव्या क्रमांकावर. पाचाऐवजी दहा काढले की तो येतो, पण मग प्रॉम्प्टमध्ये निरुपयोगी मजकूरही तितकाच येतो. एम्बेडिंगचं मॉडेल बदलू का?

खटपट_चालू

मॉडेल बदलायची गरज नाही. तुम्ही काळाचा विचारच केलेला नाही, तो करा. स्टॅनफर्ड आणि गूगलच्या संशोधकांच्या २०२३ च्या 'जनरेटिव्ह एजंट्स' शोधनिबंधात आठवणीला तीन गुण देतात: ताजेपणा, महत्त्व आणि प्रश्नाशी जवळीक. तिन्ही ० ते १ मध्ये आणून बेरीज करायची. ताजेपणासाठी दर तासाला ०.९९५ ने गुणायचं. मार्चची सेशनं आपोआप खाली जातील.

साधीरेघ

इतकी उठाठेव कशाला? आता संदर्भाची खिडकी एक लाख टोकनांच्या पुढे गेली आहे. सगळं संभाषण पाठवा, स्मृती वगैरे बांधूच नका.

कोरांटी

वळणवाट, मे महिन्याच्या त्या सेशनचा सारांश जसा साठवला आहे तसाच्या तसा इथे टाकाल का?

वळणवाट

हा घ्या:

"वापरकर्त्याने नवे बूट, पहाटेची वेळ, आठवड्यातले पळण्याचे दिवस आणि गुडघ्याची सद्यस्थिती यांबद्दल चर्चा केली. त्यानुसार पुढील दोन आठवड्यांचा आराखडा देण्यात आला."

कोरांटी

वाटलंच होतं. एम्बेडिंगपर्यंत जायच्या आधीच घोळ झालाय. हा सारांश कशाबद्दल बोलणं झालं ते सांगतो, काय ठरलं ते सांगत नाही. सातव्याऐवजी पहिल्या क्रमांकावर आला असता तरी "गुडघ्याची सद्यस्थिती" या शब्दांवरून मॉडेलला बरा झाला की बिघडला हे कळलं नसतं. तुम्ही दहा काढून पाहिलेत तेव्हा उत्तर सुधारलं का?

वळणवाट

नाही! सारांश आत आला म्हणून "आता मिळतंय" असं मी धरून चाललो होतो. उत्तर तेच होतं.

कोरांटी

मग एकेक करून पाहू.

सारांशाच्या सूचनेत "चर्चा केली", "माहिती दिली", "विचारलं" ही क्रियापदं बंद करा. मॉडेलकडून सेशनचा गोषवारा न मागता सुटी विधानं मागा. एका विधानात एकच गोष्ट, कर्ता स्पष्ट, तारीख पूर्ण. वरच्या सेशनमधून साधारण अशी विधानं निघायला हवीत:

"२० मे: उजव्या गुडघ्याबाबत फिजिओथेरपिस्टने पळण्यास पूर्ण मोकळीक दिली. वापरकर्ता उतारावरही पळतो."
"२० मे: आठवड्यात चार दिवस, पहाटे पळायचं ठरलं."

बूट, वेळ, दिवस आणि गुडघा या चारही गोष्टी एका व्हेक्टरमध्ये कोंबल्या की तो चौघांच्या मधे कुठेतरी पडतो आणि कोणाच्याच जवळ राहत नाही. मार्चची सेशनं फक्त गुडघ्याबद्दल होती, त्यामुळे त्यांचे व्हेक्टर नेमके होते. मे महिन्याचा सातवा क्रमांक मुख्यतः यातून आला असणार.

तारखेचंही बघा. "कालपासून दुखतंय" हे तसंच साठवलं तर ऑगस्टमध्ये वाचणाऱ्या मॉडेलला ते ऑगस्टमधलं काल वाटेल. सेशनची तारीख सूचनेत द्या आणि काल, परवा, गेल्या आठवड्यात हे सगळं तारखेत बदलून घ्या.

पण एवढं करूनही तुमचा मूळ प्रश्न सुटणार नाही. दुखण्याबद्दल माणूस चार सेशनं बोलतो आणि बरं झाल्याचं एकदाच सांगतो. जवळचे पाच काढणं म्हणजे एका अर्थी मतमोजणीच. दुखण्याची चार-पाच मतं, बरं झाल्याचं एक. शिवाय "गुडघा दुखतो" आणि "गुडघा आता दुखत नाही" यांचे व्हेक्टर एकमेकांच्या अगदी शेजारी असतात, कारण विषय एकच आहे. एम्बेडिंगला विषय छान कळतो, नकार फार कमी कळतो. म्हणून मॉडेल बदलून फारसा फरक पडणार नाही.

खटपट_चालू

तेच म्हणतोय, काळाचा गुण लावला की मे वर येईल.

कोरांटी

दिशा बरोबर आहे, पण तो आकडा इथे चालणार नाही. ०.९९५ चा ७२० वा घात करून पाहा. ३० दिवसांनी ताजेपणा ०.०२७ उरतो. म्हणजे ऑगस्टमध्ये मार्च आणि मे दोघंही शून्याच्या जवळ आणि त्यांच्यात फरक असा उरतच नाही. तो आकडा खेळासारख्या कृत्रिम गावातल्या पात्रांसाठी होता आणि तास त्या गावाच्या घड्याळातले होते. तिथे त्यांना काही दिवसांचाच काळ हाताळायचा होता.

त्याहून मोठी अडचण म्हणजे त्या निबंधात तास मोजतात ते आठवण शेवटची बाहेर काढल्यापासूनचे, घडल्यापासूनचे नाहीत. वळणवाट यांच्या अ‍ॅपमध्ये मार्चचे सारांश दर वेळी बाहेर येतात, म्हणजे ते दर वेळी ताजे होत राहतील. मे महिन्याचा एकदाही बाहेर आला नाही, तो शिळा होत जाईल. बिघाड उलट पक्का होईल.

खटपट_चालू

हे लक्षात आलं नव्हतं. मग घडल्याच्या तारखेपासून मोजायचं आणि अर्धायुष्य ६० दिवस धरायचं, असं?

कोरांटी

प्रसंगांसाठी चालेल. "रविवारी १४ किलोमीटर पळलो, शेवटी दम लागला" ही आठवण दोन महिन्यांनी अर्धी झाली तर बिघडत नाही. पण जानेवारीत कोणी एकदाच सांगितलं असेल की त्याला दमा आहे आणि पळण्याआधी इनहेलर घेतो, तर ऑगस्टमध्ये ६० दिवसांच्या हिशेबाने त्याचं वजन ०.१ च्याही खाली जातं. ते विधान जानेवारीइतकंच खरं आहे. वय झालं म्हणून ते खोटं ठरत नाही. तसंच गुडघ्याचं विधान जुनं झालं म्हणून खोटं ठरलेलं नाही, २० मे रोजी दुसऱ्या विधानाने त्याची जागा घेतली म्हणून ठरलं आहे. हा फरक घटीच्या सूत्रात मांडताच येत नाही.

म्हणून दोन कप्पे करा. जे घडून गेलं ते प्रसंगांच्या कप्प्यात, एम्बेडिंगसह. जे सध्या खरं आहे ते तथ्यांच्या साध्या टेबलात, एम्बेडिंगशिवाय.

```sql
CREATE TABLE facts (
  id bigserial PRIMARY KEY,
  user_id bigint NOT NULL,
  slot text NOT NULL,
  value text NOT NULL,
  valid_from date NOT NULL,
  valid_to date,
  source_msgs bigint[] NOT NULL
);
CREATE UNIQUE INDEX ON facts (user_id, slot)
  WHERE valid_to IS NULL;
```

शेवटच्या दोन ओळी महत्त्वाच्या आहेत. एका वापरकर्त्याच्या एका खणात, म्हणजे एका `slot` मध्ये, एकच चालू तथ्य राहू शकतं, हे डेटाबेसच बजावतो. नवं विधान आलं की एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये आधी जुन्याचं `valid_to` भरायचं आणि मग नवी ओळ घालायची. क्रम उलटा झाला तर इंडेक्स अडवेल, आणि अडवायलाच हवं.

`injury.right_knee` या खणात १२ मार्चला "दुखतो, उतार टाळतो" आलं. २० मेला ते बंद झालं आणि "बरा, उतारासह पूर्ण मोकळीक" आलं. प्रॉम्प्टमध्ये चालू तथ्यं दर वेळी जशीच्या तशी घालायची, शोधायची नाहीत. एका माणसाची वीस-तीसच असतात, त्यांना जागा लागते ती किती? एम्बेडिंगचा शोध फक्त प्रसंगांपुरता ठेवायचा.

साधीरेघ

माझा प्रश्न राहून गेला. सगळं संभाषण तारखांसह क्रमाने पाठवलं तर मॉडेलला मे नंतरचा आहे हे दिसेलच ना?

कोरांटी

दिसतं, आणि लहान इतिहासासाठी तुमचा उपाय खरंच चांगला आहे. समजा ४० सेशनं, प्रत्येकी ३० संदेश, संदेशाला सरासरी ६० टोकन. हे ७२,००० झाले. बसतात. पण हे संभाषणाच्या प्रत्येक वळणाला पाठवायचे, त्याचा खर्च आणि उशीर प्रत्येक वळणाला. आणि लांब संदर्भाच्या मधोमध असलेली गोष्ट मॉडेल सुरुवातीच्या आणि शेवटच्या गोष्टींपेक्षा जास्त वेळा चुकवतं.

तरी एक करा, वळणवाट: चाचणीच्या खात्यांवर सगळं संभाषण पाठवून उत्तरं काढून ठेवा. तुमच्या स्मृतीची तुलना त्यांच्याशी करा. शोध लावून येणारं उत्तर त्याहून वाईट असेल, तर हरवलेली गोष्ट कुठे हरवली ते शोधायला तो चांगला मापदंड आहे.

पडवी

आमच्याकडे ग्राहक-मदतीचं अ‍ॅप आहे, त्यातली अडचण इथेच विचारतो. पाच आठवणी मागतो तर कधी दोन येतात, कधी एकही नाही. वापरकर्त्याच्या टेबलात दोनशेच्या वर आहेत. क्वेरी साधी आहे, `WHERE user_id = $1 ORDER BY embedding <=> $2 LIMIT 5`. आणि तक्रार क्रमांक टाकून शोधलं तर भलतंच येतं.

तिसरा_मजला

पडवी, तुमच्या कॉलमावर एचएनएसडब्ल्यू इंडेक्स असणार. तो आधी सगळ्या वापरकर्त्यांमधले जवळचे शोधतो आणि `user_id` ची चाळणी नंतर लागते. जवळच्या किती ओळी हाताशी धरायच्या ते ठरवणारा `hnsw.ef_search` मुळात ४० असतो. त्या चाळिसांत तुमच्या माणसाचे दोनच असतील तर दोनच मिळतात. एरर येत नाही, म्हणून महिनोन्‌महिने कळत नाही.

एका माणसाच्या काहीशे ओळी असतील तर व्हेक्टर इंडेक्स काढूनच टाका आणि `user_id` वर साधा बी-ट्री ठेवा. दोनशे व्हेक्टरांशी अचूक तुलना करायला वेळ लागत नाही आणि उत्तर पूर्ण येतं. इंडेक्स ठेवायचाच असेल तर `pgvector` ०.८.० पासून हे आहे:

```sql
SET hnsw.iterative_scan = strict_order;
```

पुरेशा ओळी मिळेपर्यंत तो पुढे शोधत राहतो, अर्थात त्यालाही मर्यादा घातलेली असते. क्रमांकाचं म्हणाल तर तक्रार क्रमांक एम्बेडिंगने शोधूच नका. ४५१७ आणि ४५७१ त्याला जवळपास सारखेच वाटतात. वेगळ्या कॉलमात ठेवा आणि नेमकी तुलना करा.

वळणवाट, तुमचा ०.७५ चा थ्रेशोल्ड एकदा तपासा. ई-फाइव्ह कुटुंबातल्या मॉडेलांचे गुण मुळातच ०.७ ते १.० च्या पट्ट्यात दाटलेले असतात, कारण त्यांना शिकवतानाच तसं शिकवलं आहे. गुडघा आणि हवामान यांचाही गुण ०.७५ च्या वर जाऊ शकतो. म्हणजे तुमची चाळणी काही गाळत नाही. आणि प्रश्नाआधी `query: `, साठवलेल्या मजकुराआधी `passage: ` लावता ना?

वळणवाट

नाही लावत. दोन्हीकडे नुसता मजकूर.

तिसरा_मजला

मग ते आधी करा. ते मॉडेल या उपसर्गांसह शिकलेलं आहे, ते नसले की क्रम बिघडतो. सगळं पुन्हा एम्बेड करावं लागेल, नुसते नवे संदेश करून भागणार नाही. हाताशी असताना ओळीत मॉडेलचं नाव आणि आवृत्तीही साठवा. दोन मॉडेलांचे व्हेक्टर एकाच टेबलात मिसळले, आणि दोघांची लांबी ७६८ च असली, तर डेटाबेस मुकाट्याने तुलना करतो आणि येणारे गुण निव्वळ निरर्थक असतात.

थ्रेशोल्ड स्वतःच्या डेटावरून ठरवा. पन्नास प्रश्न घ्या, प्रत्येकासाठी एक खरोखर संबंधित आणि एक असंबंधित विधान हाताने निवडा, गुणांच्या दोन रांगा शेजारी मांडा. रांगा एकमेकींत फार घुसत असतील तर थ्रेशोल्ड लावून काही साधणार नाही, फक्त क्रम वापरा. या पन्नासांखेरीज "याबद्दल काहीच साठवलेलं नाही" असंच बरोबर उत्तर असलेले आणखी दहा प्रश्न ठेवा. ते सहसा राहून जातात आणि नको तिथे आठवण उकरणं त्यांच्यावरच पकडलं जातं.

सांजतारा

एक गोष्ट अजून कोणी बोललं नाही. प्रश्न दर वेळी "उताराचा सराव टाकू का" इतका भरलेला नसतो. बरेचदा वापरणारा म्हणतो, "हो, तोच टाक." याचं एम्बेडिंग करून काय मिळणार? शेवटचे चार-सहा संदेश देऊन लहान मॉडेलकडून स्वयंपूर्ण प्रश्न लिहून घ्यावा, "वापरकर्त्याला बुधवारी उताराचा सराव हवा आहे" असा, आणि शोध त्यावर करावा. एक जास्तीची फेरी होते, पण ती टाळली तर निम्मी वळणं आंधळी जातात.

आणि सारांश करताना मॉडेलचे स्वतःचे संदेश वेगळे ठेवा. अ‍ॅपने सुचवलं, "डिसेंबरमध्ये अर्धमॅरेथॉन करून बघा", वापरणारा "बघू" म्हणाला, आणि साठवलं गेलं "वापरकर्ता अर्धमॅरेथॉनची तयारी करत आहे". पुढच्या सेशनला तेच तथ्य म्हणून प्रॉम्प्टमध्ये येतं, मॉडेल त्यावर आराखडा रचतं, आणि त्या आराखड्याच्या सारांशातून ते आणखी पक्कं होतं. तथ्य नोंदवायचं तर त्याच्या `source_msgs` मध्ये किमान एक संदेश वापरकर्त्याचा असलाच पाहिजे. हे कोडमध्ये तपासा, सूचनेवर सोडू नका.

कोरांटी

सांजतारा यांच्या दुसऱ्या मुद्द्याला पूर्ण पाठिंबा. "बघू" म्हणजे होकार नाही, हे मॉडेलला सूचनेत उदाहरणासह सांगावं लागतं. संदेश वापरकर्त्याचा असूनही तो होकार नसू शकतो.

सारांशांचे पुन्हा सारांश करत जाणाऱ्यांसाठीही एक सांगतो. महिन्याचा गोषवारा हवा असेल तर तो मूळ संदेशांवरून किंवा सुट्या विधानांवरून करा, आधीच्या गोषवाऱ्यावरून नको. "फिजिओने सांगितलं तरच उतार" याचं दुसऱ्या फेरीत "उतार सावधपणे" होतं आणि तिसऱ्या फेरीत "उतार" एवढंच उरतं. अटी आणि अपवाद सर्वांत आधी गळतात. मूळ संदेश टाकून दिलेले असतील तर मग परत जायला वाटच नसते.

वळणवाट

उपसर्ग लावून सगळं पुन्हा एम्बेड केलं, विधानं सुटी केली, तथ्यांचं टेबल लावलं. ३० प्रश्नांचा संच केला. उताराच्या प्रश्नाला आता बरोबर उत्तर येतं. आधी ३० पैकी १७ बरोबर होते, आता २५.

चुकलेल्या पाचांत तीन एकाच प्रकारचे आहेत. मॉडेल दर वेळी खणाचं नवं नाव काढतं. `injury.right_knee`, `knee_injury`, `injury.knee.right`. तीन खण, तीन चालू तथ्यं.

कोरांटी

खणांची यादी बंदिस्त ठेवा आणि तथ्य नोंदवताना त्या वापरकर्त्याचे सध्याचे खण मूल्यांसह मॉडेलला दाखवा. त्याने यादीतलाच निवडावा, नाहीतर `other` म्हणावं. `other` मध्ये काय साचतंय ते आठवड्याला पाहा, यादी त्यावरून वाढवा. उरलेले दोन?

वळणवाट

ते अवघड आहेत. एकाने संदेश टाकला, "आज पोटरी ठीक वाटतेय." मॉडेलने पोटरीची दुखापत बंद करून टाकली. दोन दिवसांनी त्याला वेगाचा सराव मिळाला.

सांजतारा

दुखापत, औषध, आजार हे खण मॉडेलने स्वतःहून बंद करूच नयेत. वापरकर्त्याला सरळ विचारावं, "पोटरी पूर्ण बरी झाली अशी नोंद करू का?" आणि हो म्हटल्यावरच `valid_to` भरावं.

खटपट_चालू

दर वेळी विचारत बसलात तर लोक न वाचता हो दाबतील. मधली स्थिती ठेवा. खण चालूच राहू दे, मूल्यात "१८ ऑगस्टला सुधारणा सांगितली" जोडा. प्रॉम्प्टमध्ये दोन्ही दिसू देत, आराखडा सावधच निघेल.

सांजतारा

मग मे महिन्याच्या गुडघ्याचं काय? तिथेही "सुधारणा सांगितली" एवढंच राहिलं असतं आणि ऑगस्टमध्ये अ‍ॅप पुन्हा उतार टाळा म्हणालं असतं.

खटपट_चालू

तिथे फिजिओचा हवाला होता, इथे फक्त "वाटतेय" आहे. विधान कशाच्या आधारावर आहे तेही नोंदवलं तर फरक करता येईल.

वळणवाट

आधाराचा कॉलम जोडून दोन्ही पद्धती त्याच ३० प्रश्नांवर चालवतो. पण संचात असे दोनच प्रश्न आहेत. "ठीक वाटतंय" आणि "बरा झालो" यांच्या मधल्या छटांची आणखी वाक्यं हवीत. कोणाला सुचत असतील तर इथे लिहा.

पडवी

"आता विसरूनच गेलोय त्याबद्दल." हे घाला. आणि "दुखत नाही, फक्त जिना उतरताना थोडं."